एकाच कंपनीत काजूगराचा भाव कसा लावायचा? कारखाना नफ्यात, दुकानं तोट्यात, आणि मालकांना हवीय करबचत

डिचोलीचा_लेखापाल

नमस्कार मंडळी. आमची कंपनी डिचोलीत काजू बी फोडते. त्याच कंपनीचा दुसरा विभाग तो गर घेऊन भाजका आणि मसाला काजू करतो आणि पणजी, म्हापसा, मडगावच्या आमच्याच दुकानांतून विकतो. कंपनी एक, पॅन एक, पण दोन्ही विभागांचे नफा-तोटे वेगळे काढले जातात आणि दोन्ही मॅनेजरांचा बोनस आपापल्या विभागाच्या नफ्यावर ठरतो.

कारखान्यातून दुकान विभागाला गर द्यायचा भाव असा ठरलाय: प्रत्यक्ष आलेला पूर्ण खर्च अधिक 10 टक्के. 320 नंबरच्या अख्ख्या गराचा खर्च सध्या किलोला 730 येतो, म्हणजे भाव 803. बाजारात तोच गर दुकानपोच 760 ला मिळतो. त्यामुळे दुकान विभागाच्या मॅनेजरांनी फोंड्याच्या व्यापाऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली. इकडे आमच्या गोदामात 320 चे डबे वाढत चाललेत. कारखान्याचे मॅनेजर म्हणतात, घरचं सोडून बाहेरचं का घेता? दुकानवाले म्हणतात, 43 रुपये जास्त का द्यायचे?

त्यात मालकांना कुणीतरी सांगितलंय की हा भाव आणखी वाढवला तर दुकानांचा नफा घटेल आणि कर वाचेल. मला दोन्हींवर मत हवंय: भाव किती असावा, आणि करात खरंच काही फरक पडतो का?

फोंड्याचा_व्यापारी

यात एवढं काय? बाजारभाव लावा. 760. कारखान्याला परवडत नसेल तर कारखाना सुधारावा. मी वर्षानुवर्षं काजूचा धंदा करतोय, बाजाराइतका सरळ न्याय कुणी करत नाही.

रेषा_मडगाव

बाजारभाव हे उत्तर काही वेळा बरोबर असतं, नेहमी नाही. आधी तीन गोष्टी सांगा. 730 मधला किती खर्च माल काढला तरच होतो आणि किती कारखाना बंद ठेवला तरी होणारच? कारखाना पूर्ण क्षमतेने चालतोय का? आणि कारखान्याने हाच गर बाहेर विकला तर दलाली, भाडं जाऊन हातात काय पडतं?

डिचोलीचा_लेखापाल

रेषाताई, एक किलो गराला साधारण चार किलो बी लागते. बी सरासरी 140 ने पडली, म्हणजे 560. सोलणी, भाजणी, जळण, वीज मिळून 80. हे झाले 640. उरलेले 90 म्हणजे भाडं, पगारी माणसं, घसारा, कर्जाचं व्याज. बाहेर विकलं तर हातात 745 पडतात. कारखाना सध्या सत्तर टक्क्यांच्या आसपास चालतोय. चतुर्थीपासून नाताळापर्यंत मात्र पूर्ण भरतो.

रेषा_मडगाव

मग आता तुमच्या दुकान विभागाने बाहेरून घेतलेल्या एका किलोचा हिशेब कंपनीच्या बाजूने करा. यंत्रं आणि माणसं रिकामी असताना कंपनी 760 रुपये व्यापाऱ्याला देते. तोच किलो घरी काढला असता तर खिशातून 640 गेले असते. म्हणजे किलोमागे 120 रुपये कंपनीबाहेर गेले. दुकान विभागाच्या पत्रकात मात्र 43 रुपये वाचल्याचं दिसतं आणि मॅनेजरांचा बोनस वाढतो. त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. त्यांच्यापुढे ठेवलेला 803 हा आकडाच त्यांना तिकडे ढकलतो.

कारखाना भरलेला असेल तेव्हा चित्र बदलतं. दुकानाला दिलेला प्रत्येक किलो म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाला न दिलेला किलो, म्हणजे 745 सोडले. तेव्हा 745 च्या खाली भाव लावणं कारखान्यावर अन्याय आहे आणि कंपनीचंही नुकसान आहे. दुकानवाले 760 च्या वर देणार नाहीत. म्हणजे भरलेल्या महिन्यांत भाव 745 ते 760 च्या मध्ये कुठेही ठेवा, निर्णय बरोबरच होतील. फोंड्याच्या भाऊंचं म्हणणं या महिन्यांपुरतं खरं आहे. रिकाम्या महिन्यांत मात्र 640 ते 760 एवढी मोठी जागा आहे आणि भांडण या 120 रुपयांच्या वाटणीचं आहे.

फोंड्याचा_व्यापारी

वाटणी कशीही झाली तरी 760 वर दोघांनी व्यवहार केला की गर घरातच राहतो ना? मग 760 मध्ये खोट काय?

रेषा_मडगाव

दुकानातून नेहमीच्या भावाने विकायचा माल असेल तर काही खोट नाही. खोट दिसते ती कमी भावाची मोठी ऑर्डर आली की. समजा एखादं हॉटेल 2 टन मसाला काजू 850 ने मागतंय. दुकान विभागाला भाजणं, मसाला, पॅकिंग यावर किलोला 110 लागतात. गर 803 ने आला तर 913, गर 760 ने आला तरी 870. दोन्ही हिशेबांत मॅनेजर ऑर्डर नाकारतील. पण रिकाम्या महिन्यात कंपनीचा खरा वाढीव खर्च 640 अधिक 110, म्हणजे 750. किलोला 100 रुपये, 2 टनांवर 2 लाख, केवळ भावाच्या आकड्यामुळे हातचे गेले. आणि हीच ऑर्डर कारखाना भरलेला असताना आली तर 745 अधिक 110, म्हणजे 855. तेव्हा नाकारणंच बरोबर.

डिचोलीचा_लेखापाल

ताई, तुम्ही समजा म्हणून लिहिलंत, पण अगदी अशीच एक ऑर्डर दुकान विभागाने जुलैत परत पाठवलीय. मला ती फाईल पुन्हा काढायला हवी.

कळंगुट_किचन

आमच्या हॉटेलात हेच चालतं. खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला असतो. त्यातले माणशी 250 रुपये किचन विभागाच्या खात्यात जमा होतात आणि नाश्त्याला मला 310 लागतात. सीझनमध्ये हॉटेल जितकं भरलेलं, तितका माझा तोटा मोठा. मग मीटिंगमध्ये जनरल मॅनेजर विचारतात, किचन तोट्यात का? 250 हा आकडा कुणी आणि कधी ठरवला ते आज कुणालाच सांगता येत नाही. मी फळं कमी केली की रिव्ह्यू बिघडतात आणि त्याचा फटका खोल्यांना बसतो. माझ्या पत्रकात मात्र सुधारणा दिसते. सांगा, मी काय करावं?

रेषा_मडगाव

तुमचे 310 कशाचे आहेत ते आधी पाहा. त्यात आचाऱ्यांचे पगार वाटून धरले असतील तर पाहुणा वाढला की तोटा वाढतो हे खरं नाही, कारण पगार तेवढाच राहतो. नुसत्या सामानाचे 310 असतील तर 250 चा आकडा बदलून घेतल्याशिवाय इलाज नाही.

कळंगुट_किचन

पगार धरूनच 310 आहेत. सामानाचे वेगळे काढून बघतो.

सत्तरीचा_बागायतदार

म्हणजे कारखान्याचा भाव 640 ला आणला की पुढच्या हंगामात आमच्या बीचा भाव पाडणार, असंच ना? दरवर्षी हेच होतं. वाळपईत एप्रिलमध्ये बी घेऊन या, मग कळेल बागायतदाराच्या हातात काय उरतं ते.

डिचोलीचा_लेखापाल

नाही काका, हा कागदावरचा भाव आहे, आमच्याच दोन विभागांमधला. बीची खरेदी बाजारभावानेच होते, तिचा याच्याशी संबंध नाही.

सत्तरीचा_बागायतदार

ठीक. पण एक सांगा. तुम्ही लोक यंत्रं रिकामी आहेत म्हणता. आपली बी मार्च ते मे एवढीच येते. तुम्ही ती भरून ठेवता आणि वर्षभर फोडता. जुलैत त्या हॉटेलासाठी आठ टन बी फोडलीत तर डिसेंबरात काय फोडणार? बी काय गोदामात उगवते?

रेषा_मडगाव

काका, हा प्रश्न सगळा हिशेब फिरवणारा आहे. बी ठरावीकच असेल आणि पुढच्या हंगामापर्यंत ती सगळी फोडून 745 ने विकली जाणारच असेल, तर जुलैत यंत्रं रिकामी असली तरी बी मोकळी नाही. मग जुलैतल्या किलोचीही किंमत 745 च धरायला हवी आणि हॉटेलची ऑर्डर नाकारली ते बरोबर ठरतं.

पण बाहेरून बी मिळत असेल तर तिसरा आकडा येतो. लेखापालभाऊ, मंगळूरला उतरणारी आफ्रिकेची बी तुम्हाला कितीला पडेल?

डिचोलीचा_लेखापाल

त्या वेळी डिचोलीपोच 150 सांगत होते. मालक गोव्याच्या बीवर ठाम आहेत, पण मसाला काजूला आयात बी आधीही वापरलीय.

रेषा_मडगाव

मग चार किलोचे 600 अधिक 80, म्हणजे 680. वर 110, म्हणजे 790. ऑर्डर 850 ची. किलोला 60 रुपये, एकूण 1 लाख 20 हजार. तेव्हा ऑर्डर घेण्यासारखी होती, पण 2 लाखांची नव्हती. सांगायचं एवढंच की जुनी खरेदी 140 ची होती म्हणून 560 धरायचे नाहीत. ती बी वापरली की तिच्या जागी काय किमतीची येणार किंवा तिचं दुसरं काय होणार होतं, ते धरायचं.

म्हापसा_काउंटर

मी अशाच एका दुसऱ्या कंपनीचं दुकान सांभाळतो, म्हणून दुकानाची बाजू मांडतो. भाव प्रत्यक्ष खर्चावर असतो तेव्हा कारखान्याची प्रत्येक चूक आमच्या माथी येते. आमच्याकडे एकदा बी नीट वाळली नव्हती, साल काढताना गर मोडले. शंभर किलोत 70 अख्खे निघायचे तिथे जेमतेम 60 निघाले, बाकी पाकळी आणि तुकडा. अख्ख्याचा खर्च वाढला आणि पुढच्या महिन्यात आमचा भाव वाढून आला. कारखान्याला वर 10 टक्के, म्हणजे मोडतोड जास्त तर त्यांचा नफाही जास्त! आम्हाला बाहेरून घ्यायची मोकळीक हवीच. तीच काढून घेतली तर कारखान्याला कोण विचारणार?

रेषा_मडगाव

पूर्ण सहमत. म्हणून प्रत्यक्ष खर्च सोडून हंगामाच्या सुरुवातीला ठरवलेला खर्च धरावा. अख्ख्या गराचं प्रमाण, जळण, मजुरी सगळं आधी ठरलेलं. मोडतोड वाढली तर फरक कारखान्याच्या पत्रकातच राहील.

आणि 90 रुपयांचं म्हणाल तर ते किलोवर चढवूच नयेत. दुकान विभागाने कारखान्याची जेवढी क्षमता राखून ठेवलीय तिच्यासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी आणि प्रत्येक किलो वाढीव खर्चाने घ्यावा. मग ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवताना मॅनेजरांपुढे खरा आकडा असतो आणि कारखान्याचं भाडं, पगारही निघतात. कारखाना भरलेल्या महिन्यांत राखीव क्षमतेपेक्षा जास्त मागितलं तर तेवढ्याला 745.

म्हापसा_काउंटर

ठरावीक रक्कम कोण ठरवणार? दुकान चाललं नाही तरी महिन्याला ती द्यायची? आमचा जून ते ऑगस्ट थंडच असतो. मला हे पटत नाही.

रेषा_मडगाव

क्षमता राखून ठेवली तर कुणीतरी तिचा भार उचलायलाच हवा. तुम्ही कमी राखा, कमी द्या. पण हो, रकमेवर दरवर्षी ओढाताण होते, हे मी पाहिलंय.

पणजी_करसल्ला

आता मालकांच्या कराच्या प्रश्नाकडे. लेखापालभाऊंनी लिहिलंय की पॅन एक आहे. मग आयकराच्या दृष्टीने दोन विभाग म्हणजे एकाच माणसाचे दोन खिसे. भाव 803 वरून 900 केला तर कारखान्याचा नफा जेवढा वाढेल तेवढाच दुकानांचा घटेल. बेरीज तीच, कर तोच.

उलट एक धोका आहे. 31 मार्चला दुकान विभागाकडे समजा 5 टन गर शिल्लक आहे आणि तो 803 ने लिहिलाय. कंपनीला तो 730 ला पडलाय. किलोला 73, म्हणजे 3 लाख 65 हजारांचा नफा अजून झालेलाच नाही, कारण माल घराबाहेर गेलेला नाही. विभागांची पत्रकं नुसती एकत्र केली तर हा नफा आत राहतो आणि त्यावर कर भरला जातो. ताळेबंद करताना तो काढावाच लागतो. विभागांच्या नफ्यांची बेरीज कंपनीच्या नफ्यापेक्षा जास्त दिसली की पहिल्यांदा शिल्लक माल कुठल्या भावाने लिहिलाय ते पाहावं.

वेर्णेकर

थोडक्यात, एकाच कंपनीत कर लागतच नाही. मालकांना सांगून टाका.

पणजी_करसल्ला

असं सरसकट नाही. आयकरातही एका विभागाला करसवलत असेल आणि दुसऱ्याला नसेल तर भाव महत्त्वाचा ठरतो, कारण सवलतीच्या विभागात नफा ढकलता येतो. म्हणून 1961 च्या कायद्यातलं कलम 80-आयए सांगतं की अशा विभागातून दिलेला माल बाजारमूल्यानेच धरावा. बाजारमूल्य म्हणजे नेमकं कोणतं यावर जिंदाल स्टीलचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीचं वीजकेंद्र स्वतःच्या कारखान्याला वीज देत होतं. आयकर खातं म्हणत होतं, उरलेली वीज राज्याच्या वीज मंडळाला ज्या कमी दराने विकता तोच दर धरा. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने मंडळ उद्योगांना ज्या दराने वीज विकतं तो दर मान्य केला. आपल्या काजूच्या 745 आणि 760 मध्ये जो फरक आहे, तसाच तो होता.

गोव्यात सेझ, म्हणजे करसवलतीची विशेष आर्थिक क्षेत्रं, नाहीत. 2007 च्या अखेरीस, आंदोलनानंतर, राज्य सरकारने ते रद्द केले. त्यामुळे इथल्याच दोन विभागांत त्या सवलतीचा प्रश्न येत नाही. पण जीएसटी वेगळा. लेखापालभाऊ, तुमचं गोव्याबाहेर काही आहे का?

डिचोलीचा_लेखापाल

हो, कुडाळला पॅकिंग युनिट आहे. महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी नंबर.

पणजी_करसल्ला

मग डिचोलीहून कुडाळला गर पाठवणं हा जीएसटीच्या नजरेत पुरवठा आहे, पैसे न घेताही. दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती. जुन्या व्हॅटच्या काळात एफ फॉर्मवर माल बिनकराचा जायचा, ते दिवस गेले. भाव नियम 28 प्रमाणे. पण कुडाळला या कराचं पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर बिलावर लिहिलेलं मूल्य मान्य होतं. गरावर 5 टक्के, म्हणजे 760 ऐवजी 803 लिहिलं तर किलोला 2 रुपये 15 पैसे जास्त, आणि ते कुडाळला परत वळते होतात. एकूण कर तोच, फक्त तेवढी रक्कम मधल्या काळात अडकते.

वेर्णेकर

आता आमचं सांगतो. आमच्याकडे विभाग नाहीत, दोन कंपन्या आहेत. जुनी औषधं बनवते आणि 22 टक्के आयकराच्या पर्यायात आहे. नवी प्लॅस्टिकच्या बाटल्या बनवते, उत्पादन मार्च 2024 च्या आत सुरू केलं म्हणून तिला 15 टक्के. बाटल्या बहुतेक सगळ्या जुन्या कंपनीलाच जातात. आमचे संचालक बाटलीचा भाव वाढवायला बसलेत.

पणजी_करसल्ला

इथे मात्र खरा फरक पडतो. अधिभार आणि उपकर धरून जुनीला 25.17 टक्के, नवीला 17.16. एक कोटीचा नफा नव्या कंपनीत सरकवला तर साधारण 8 लाख वाचतात. म्हणूनच कायद्याने दार लावून ठेवलंय. कलम 115-बीएबीनुसार निकटच्या संबंधामुळे नेहमीपेक्षा जास्त नफा दाखवलाय असं दिसलं, तर त्या जादा भागावर 30 टक्के, अधिभार-उपकरासह 34.32 टक्के. म्हणजे तो एक कोटी जुन्या कंपनीतच राहू दिला असता तर 25.17 लाख लागले असते, आता 34.32 लाख. आठ लाख वाचवायला जाऊन नऊ लाख जास्त.

दोन कंपन्यांमधले वर्षाचे असे व्यवहार 20 कोटींच्या वर गेले तर सीएचा 3सीईबी अहवाल आणि भाव कसा ठरवला याची कागदपत्रं ठेवावी लागतात. खाली असले तरी जादा नफ्याचा प्रश्न अधिकारी विचारू शकतोच. बाहेरच्या गिऱ्हाइकाला तीच बाटली विकता का?

वेर्णेकर

थोडी विकतो, पण वेगळ्या मापाची. आणि त्यांना उधारी 60 दिवसांची, जुन्या कंपनीला 15 दिवसांची.

पणजी_करसल्ला

मग तोच भाव जसाच्या तसा चालणार नाही. वजन, साचा, उधारी, प्रमाण यांचा फरक काढून तुलना करावी लागेल. फरक कसा काढला हे भाव ठरवतानाच लिहून ठेवा. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर लिहिलेलं कुणी मानत नाही. आता नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा सल्लागाराकडून नवे क्रमांक घ्या.

कळंगुट_किचन

सामानाचे वेगळे काढले. माणशी 190 येतात. म्हणजे पाहुणा वाढला की माझा तोटा घटतो! हे पत्रक घेऊनच मीटिंगला जाणार.

म्हापसा_काउंटर

पण मूळ प्रश्न तसाच आहे. कर बदलत नाही म्हणता, मग लेखापालांच्या कंपनीत एवढी झटापट आहे ती फक्त बोनसची. बोनस कंपनीच्या एकूण नफ्यावर का देत नाहीत?

फोंड्याचा_व्यापारी

एकूण नफ्यावर दिलात तर मोडतोड कोण कमी करेल? ज्याच्या हाताखाली सोलणी आहे त्याला त्याचा चटका बसला पाहिजे.

डिचोलीचा_लेखापाल

दोन्ही बाजू मालकांपुढे मांडल्या. कराची गोष्ट त्यांना पटली, भाव वाढवायचा विषय बंद झाला. 320 साठी ठरवलेला खर्च आणि महिन्याची ठरावीक रक्कम हे एका हंगामापुरतं करून पाहायला तयार आहेत. बोनसचा काही भाग एकूण नफ्यावर द्यायचा, किती ते ठरलेलं नाही. दुकानवाल्यांची बाहेरून घ्यायची मोकळीक राहील, पण आधी कारखान्याला विचारायचं.

अडलंय ते तुकड्यापाशी. तोच घाणा, तीच बी, पण अख्खा, पाकळी आणि तुकडा यांत 640 कसे वाटायचे? आम्ही आजवर वजनावर वाटत होतो, त्यामुळे तुकडाही 640 चाच दिसतो आणि बाजारात तो त्याच्या बराच खाली जातो. मसाला विभागाला तुकडाच जास्त लागतो.

रेषा_मडगाव

वजनावर वाटू नका, विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटा. पण ती वाटणी शिल्लक मालाच्या हिशेबासाठी. तुकड्याचा आतला भाव ठरवायला ती वापरू नका, कारण अख्खे काढताना तुकडा आपोआप निघतोच. तिथे तो बाहेर विकून हातात काय पडतं तोच भाव. तुमच्याकडे गेल्या हंगामाचे तुकड्याचे विक्री भाव महिनावार आहेत का? असतील तर इथे टाका.

डिचोलीचा_लेखापाल

आहेत. सोमवारी टाकतो.